क्रिएटिन, शनिवारची क्वार्टर आणि एनर्जी ड्रिंक : आठ महिन्यांनंतर

वय ३४, वजन ७४ किलो, नोकरी पुण्यात बसून करायची. आठवड्यातून चार दिवस जिम, शनिवारी रात्री मित्रांसोबत बसणं, आणि दुपारी डोळे मिटायला लागले की एनर्जी ड्रिंकचा एक कॅन. आठ महिन्यांपूर्वी यात क्रिएटिनचा डबा आला, म्हणजे जोरदार सेटमध्ये स्नायूंना जास्तीचा दम देणारी पावडर, आणि जिममधल्या प्रत्येकाने वेगळा सल्ला दिला. एक म्हणाला, “भावा, दारू प्यायलास तर सगळं पावडर लघवीतून गेलं समज.” दुसरा म्हणाला, “कॅफिनसोबत घेतलंस तर हार्टवर येईल.” ट्रेनर सर नुसते हसले आणि म्हणाले, पाणी पीत जा.

साधं मोनोहायड्रेट वापरतो, बिनचवीचं, रोज ५ ग्रॅम. सुरुवातीला मात्र लोडिंग केलं होतं : दिवसाला २० ग्रॅम, पाच दिवस. ते चार वेळा ५-५ ग्रॅम घ्यायचं असतं. मी ऑफिसमुळे सकाळी १० ग्रॅम आणि रात्री १० ग्रॅम असं उरकायला गेलो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळचा डोस एनर्जी ड्रिंकमध्ये टाकून घेतला. कॅनमध्ये पावडर पडताच तो फसफसून पार्किंगमध्ये गाडीच्या टाकीवर सांडला, ते एक असो. उरलेलं प्यायलो आणि अर्ध्या तासात पोटात जो गोळा आला, तो थेट संडासात नेऊनच थांबला. एका वेळी १० ग्रॅम क्रिएटिन आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही आणि उरलेलं आपल्याकडे पाणी ओढतं. त्यावर कॅनमधली पंचवीसेक ग्रॅम साखर. याला ‘क्रिएटिन आणि कॅफिनचं रिअ‍ॅक्शन’ म्हणणारे लोक मला भेटलेत. रिअ‍ॅक्शन कसलं, डोस चुकला होता. लोडिंग न करता रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तरी महिन्याभरात स्नायू तेवढेच भरतात, हे आधी वाचलं असतं तर गाडी पुसावी लागली नसती.

आता दारूचं. ‘लघवीतून गेलं’ हा हिशेब चुकीचा का, ते बघा. माझ्या वजनाच्या माणसाच्या अंगात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास क्रिएटिन असतं आणि त्यातलं बहुतेक सगळं स्नायूंत. त्यातलं रोज साधारण दोन ग्रॅम आपोआप क्रिएटिनिन बनून बाहेर पडतं, प्यायलात तरी आणि नाही प्यायलात तरी. डबा पूर्ण बंद केला तरी वाढलेला साठा मूळ पातळीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. मग एका शनिवारच्या रात्रीत तो वाहून कसा जाणार? दारूने लघवी वाढते ती मेंदूतून येणारं पाणी राखणारं हार्मोन दबतं म्हणून. त्यात पाणी जातं, स्नायूत बसलेलं क्रिएटिन नाही. म्हणून मी शनिवारी नेहमीसारखं सकाळीच क्रिएटिन घेतो आणि त्या रात्री त्याचा विचार करत नाही. रविवारी विसरलोच तर सोमवारी दुप्पटही घेत नाही.

पण याचा अर्थ दारूने काही बिघडत नाही असा नाही. ती क्रिएटिनला हात लावत नाही, ज्या कामासाठी क्रिएटिन घेतो त्या कामाला लावते. २०१४ साली ऑस्ट्रेलियात आठ तरुणांवर एक प्रयोग झाला होता. कसून व्यायाम, त्यानंतर प्रोटीन, आणि सोबत वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम अल्कोहोल. पुढच्या काही तासांत स्नायू नवीन प्रथिनं बांधतात तो वेग नुसतं प्रोटीन घेतल्यापेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरला. प्रोटीनऐवजी फक्त कर्बोदकं दिली तेव्हा घट ३७ टक्के. म्हणजे पिण्याआधी शेक मारला की सगळं माफ, असं नाही.

हा आकडा जिममध्ये सगळे फेकतात, पण दीड ग्रॅम म्हणजे किती हे कोणी मांडत नाही. मी मांडलं. ३० मिलीच्या एका पेगमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. माझ्या ७४ किलोला प्रयोगातला डोस होतो १११ ग्रॅम, म्हणजे अकरा छोटे पेग, जवळजवळ दोन क्वार्टर. मी शनिवारी एक क्वार्टर घेत होतो, त्यात सुमारे ६१ ग्रॅम. प्रयोगाच्या निम्म्याहून थोडं जास्त. त्यामुळे माझंही २४ टक्के नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. पण दोन पेग घेणाऱ्या माणसाची आणि माझी गोष्ट सारखी नव्हती, हे मात्र वहीतूनच दिसत होतं.

वही म्हणजे जिमची. तेव्हा माझा लेग डे रविवारी सकाळी असायचा. कोरड्या शनिवारनंतर ९० किलोवर पाचवा सेट आठ रेप्सचा निघायचा. क्वार्टरनंतरच्या रविवारी पाच, कधी सहा, आणि गुडघे थरथरायचे. झोप अर्धवट, तोंड कोरडं, अंगात पाणी नाही. क्रिएटिन शेवटच्या दोन-तीन रेप्ससाठीच घेतो आपण, आणि नेमक्या त्याच रेप्स शनिवारी रात्री चकण्यासोबत जात होत्या. पावडरचे पैसे फुकट गेले असं वाटण्याचं खरं कारण हे आहे. तिसऱ्या महिन्यापासून मी लेग डे बुधवारी नेला, शनिवारी व्यायाम बंद केला आणि क्वार्टर दोन पेगवर आणली. मित्रांनी आठवडाभर टोमणे मारले.

एनर्जी ड्रिंकची भीती वेगळ्या ठिकाणाहून येते. १९९६ मध्ये बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं की क्रिएटिनच्या लोडिंगसोबत कॅफिन दिलं तर स्नायूत साठा तेवढाच वाढतो, पण ताकदीत होणारी वाढ मात्र दिसेनाशी होते. पुढे त्याच गटाने एक कारण सुचवलं : आकुंचन पावलेला स्नायू क्रिएटिनमुळे लवकर सैल होतो, कॅफिनमुळे उशिरा, म्हणजे दोघे एकमेकांच्या उलट ओढतात. त्यावरून ‘कॅफिन क्रिएटिनला मारतं’ हे वाक्य जन्माला आलं. तिथेही डोस बघायला हवा. किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे मला ३७० मिलिग्रॅम, तेही रोज. आपल्याकडे कॅफिनयुक्त पेयात लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५. मला बेल्जियम गाठायला दिवसाला पाच कॅन लागतील, आणि दिवसाला ५०० मिलीहून जास्त घेऊ नका असं कॅनवरच छापलेलं असतं. नंतरच्या प्रयोगांत हा उलटा परिणाम दरवेळी दिसलेलाही नाही. पाचव्या महिन्यात मी तीन आठवडे कॅन पूर्ण सोडून पाहिलं. वहीतल्या आकड्यांत फरक शून्य, फक्त पहिले चार दिवस डोकं दुखलं.

जिथे खरंच जपायला हवं ते म्हणजे प्री-वर्कआउट पावडर. त्यात एका स्कूपला २०० किंवा ३०० मिलिग्रॅम कॅफिन सर्रास असतं, आणि वर क्रिएटिनही मिसळलेलं. त्यावर संध्याकाळी कॅन आणि दोन कॉफी झाल्या की धडधड, हात कापणं, रात्री छताकडे बघत पडणं. त्याचं बिल क्रिएटिनच्या नावावर फाडलं जातं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिन ही वरची मर्यादा धरतात, एका वेळी २००. आणि कॅनमध्ये क्रिएटिन मिसळून बाटलीत ठेवून देऊ नका. पेय आंबट असतं, त्यात क्रिएटिन हळूहळू क्रिएटिनिन होतं. लगेच प्यायलं तर काही बिघडत नाही, तीन दिवसांनी प्यायलं तर चांगला पाचवा हिस्सा गेलेला असू शकतो.

दारूत एनर्जी ड्रिंक मिसळणं हे मात्र मी एकदाच केलं आणि सोडलं. कॅफिन नशा उतरवत नाही, नशेची जाणीव दाबतं. माणूस ताजातवाना वाटून आणखी दोन पेग घेतो आणि गाडीची किल्ली मागतो. अमेरिकेत २०१० मध्ये एफडीएने दारूत कॅफिन घालून विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला होता, तो याच कारणाने. यात क्रिएटिनचा संबंध नाही, डबा घरी असला तरी धोका तोच.

आता माझी सर्वांत घाबरवणारी गोष्ट. दुसऱ्या महिन्यात कंपनीची वार्षिक तपासणी आली, सोमवारी सकाळी. शनिवारी क्वार्टर झाली होती, रविवारी सकाळी लेग डे आणि दुपारी मटण. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.४, शेजारी लाल बाण, ईजीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, ६८. लिव्हरसाठी बघतात ते एसजीओटी ७८, एसजीपीटी ४६. लॅबमधल्या माणसाने न विचारताच सांगितलं, “दारू आणि ते पावडर, किडनी-लिव्हर दोन्ही गेलं.” रात्रभर झोप नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून आधी आठवड्याचा दिवस विचारला. मग समजावलं : क्रिएटिनिन हा क्रिएटिनचाच कचरा. डबा, मटण, जोरदार बैठका आणि पाणी कमी, चारही गोष्टी तो आकडा वर नेतात आणि मशीन त्यावरून किडनी मंद समजतं. एसजीओटी लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूतही असतं, आणि ते एसजीपीटीपेक्षा जास्त दिसणं दारूतही होतं आणि दुखावलेल्या मांड्यांतही. म्हणून त्यांनी त्याच नमुन्यावर लिव्हरचं जीजीटी आणि स्नायूंचं सीपीके लावलं, शिवाय किडनीसाठी सिस्टॅटिन-सी, जे स्नायूवर आणि क्रिएटिनवर फारसं अवलंबून नसतं. जीजीटी नॉर्मल, सीपीके अकराशेच्या वर, सिस्टॅटिन-सी ०.८५, म्हणजे गाळण्याचा वेग शंभरच्या पुढे. लिव्हरचा वाटणारा आकडा मांड्यांचा होता. तरी लघवीतलं प्रोटीन बघितल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही, आणि एक अट घातली : आधीपासून किडनीचा त्रास, बीपी किंवा शुगर असती तर डबा आधी बंद, चर्चा नंतर. दारूनंतर अंग ठणकून लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र वाट न बघता यायचं, कारण स्नायू खरोखर तुटत असेल तर किडनीवर येतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. डबा चालू, पण आधी तीन दिवस व्यायाम नाही, मटण नाही, दारू नाही, पाणी भरपूर. क्रिएटिनिन १.१८, एसजीओटी २९. लॅबच्या फॉर्मवर ‘चालू औषधे’ असा एक रकाना असतो, जो मी आजवर रिकामा सोडायचो. त्यात आता क्रिएटिन ५ ग्रॅम लिहितो, आणि शेजारी शेवटचा लेग डे कधी झाला तेही.