चौदा महिने वापरलेलं सीआरएम: सहा रिकाम्या सीट आणि 9.19E+11

सातपूरला आमचं अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचं काम आहे. चौकशी, साइटची मापं, कोटेशन, वॉरंटीच्या तक्रारी असं सगळं ठेवायला गेल्या वर्षी एक सीआरएम घेतलं. महिना 900 रुपये सीट, वर 18 टक्के जीएसटी. सॉफ्टवेअर म्हणून वाईट नव्हतं. फॉलोअपची आठवण वेळेवर यायची, मोबाइलवर बरं चालायचं. यापलीकडे कौतुक करत नाही.

मार्चअखेरीला कार्डाचं स्टेटमेंट घेऊन बसलो तेव्हा कळलं की आम्ही 11 सीटचे पैसे भरतोय. माणसं पाच. बाकी सहांत तिघं सोडून गेलेली, दोन फिटर ज्यांनी एकदाही लॉगिन केलं नव्हतं, आणि एक ‘टेस्ट’ नावाचा युजर, जो मीच पहिल्या दिवशी बनवला होता. दरमहा 11,682 रुपये. रक्कम 15,000 च्या आत असल्यामुळे ऑटो-डेबिटला ओटीपी लागत नाही. आदल्या दिवशी बँकेचा मेसेज यायचा, तो मी न वाचता पुसायचो. जीएसटीचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण तो वजा करूनही महिन्याला 5,400 रुपये पाण्यात.

सहाही युजर त्याच दिवशी बंद केले. पुढचं बिल? 11,682. सपोर्टला फोन केला तर पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, तुम्ही युजर डिअॅक्टिव्हेट केलेत, लायसन्स कमी केली नाहीत.” म्हणजे माणूस काढायचा एका पानावर आणि त्याची खुर्ची काढायची बिलिंगच्या पानावर. खुर्ची कमी होणार तीही पुढच्या बिलापासून, मधले पैसे परत नाहीत. लायसन्स वाढवायचं बटण मात्र प्रत्येक पानावर! डोकं फिरलं आणि त्याच दिवशी ठरवलं, पूर्णच बंद करायचं.

घाईत आणखी एक चूक झाली. सोडून गेलेल्या मुलाच्या नावावरचे ग्राहक आधी दुसऱ्याच्या नावावर करायला हवे होते. तसे न करता युजर बंद केला, तर त्या ग्राहकांची आठवण कुणालाच येईना. महिनाभराने एका बाईंनीच फोन करून विचारलं, “अहो, माप घेऊन गेलात, कोटेशन कधी देणार?”

मग एक्स्पोर्ट. सीएसव्ही डाउनलोड केली, डबल क्लिक केलं आणि पोटात गोळा आला. मोबाइल नंबरच्या रकान्यात ओळीने `9.19E+11`. मराठीत लिहिलेल्या शेऱ्यांच्या जागी `à¤` अशी किडे-मुंग्यांची रांग. सपोर्टला चांगलं झापलं.

इथे मला शब्द मागे घ्यावे लागले. आमच्या अकाउंटंट ताईंनी तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर नंबर पूर्ण, मराठी स्वच्छ. घोळ एक्सेलचा होता. 91 लावलेला बारा आकडी नंबर ते संख्या समजतं आणि आखडून दाखवतं. खरा धोका पुढे आहे: तशीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की आखडलेला आकडाच फाइलमध्ये जातो आणि मूळ नंबर कायमचा जातो. म्हणून डबल क्लिक नाहीच. कोरी शीट उघडून `Data` मधल्या `From Text/CSV` ने फाइल आत घ्यायची, `File Origin` ला `65001: Unicode (UTF-8)` निवडायचं आणि नंबरचा रकाना `Text` करायचा. मूळ फाइलची एक प्रत न उघडता बाजूला ठेवायची.

दुसरी गोष्ट ओळी मोजल्यामुळे कळली. स्क्रीनवर एकूण ग्राहक 2,340, फाइलमध्ये 2,212. एक्स्पोर्ट समोरच्या फिल्टरप्रमाणे होतो आणि अर्काइव्ह केलेले 128 त्यात नव्हतेच. वॉरंटीवाले जुने ग्राहक नेमके तेच.

पण कंपनीवरचा माझा खरा राग फोटोंसाठी आहे. फाइलमध्ये फोटोचं फक्त नाव येतं, फोटो येत नाही. आमच्या धंद्यात हाताने लिहिलेल्या मापाच्या कागदाचा फोटो म्हणजे अर्धं काम. सगळे एकदम उतरवायची सोय नाही, एकेक ग्राहक उघडायचा. शेवटी वॉरंटी चालू असलेल्या 63 साइट्सचेच उतरवले, त्यात दोन रविवार गेले. फोल्डरला नाव दिलं ग्राहकाच्या आयडीचं, कारण शेऱ्यांची वेगळी फाइलही त्या आयडीनेच जुळते. हा रकाना कुणी ‘फालतू’ म्हणून उडवू नका.

आता खातं बंद आहे, बँकेच्या अॅपमधून मँडेटही काढलं. सगळं एका शीटवर चाललंय. परवाच कुणीतरी फक्त नावांचा रकाना निवडून सॉर्ट केला आणि गंगापूर रोडची मापं सिडकोत गेली. बाजूला ठेवलेली प्रत होती म्हणून निभावलं.