नंबर बदलून सहा महिने झाले: ॲप सुरू झालं, पण बँकेचे मेसेज कुठे जात होते?

या यूपीआय ॲपला मी आधी एक स्टार दिला होता. तो आता बदलतोय, कारण चूक ॲपची नव्हती. राग मात्र अजून आहे, तो बँकेवर.

माझा जुना नंबर फोनमधल्या दुसऱ्या सिमवर होता आणि खातं त्याच नंबरला जोडलेलं होतं. दोन-दोन रिचार्ज कशाला, म्हणून त्याचं रिचार्ज थांबवलं. काही महिन्यांनी नंबर बंद झाला. तरी सिम फोनमध्येच असल्यामुळे ॲप आणखी काही आठवडे चालत राहिलं, आणि मला वाटलं सगळं ठीक आहे. मग एके दिवशी ॲपने पुन्हा नंबर तपासायला मागितला आणि गाडी तिथेच अडली.

नंबर जोडताना ॲप तुमच्या सिमवरून स्वतःच एक एसएमएस पाठवतं. सिम खरंच याच फोनमध्ये आहे हे त्यावरून ठरतं. मग त्या नंबरवर कोणती खाती आहेत, हे बँकेला विचारलं जातं. मी नवीन नंबर टाकला तर उत्तर आलं, ‘या नंबरवर खातं सापडलं नाही’. बरोबरच होतं. बँकेच्या नोंदीत जुनाच नंबर होता, त्याचा ओटीपी येणं शक्य नव्हतं, म्हणून ऑनलाइन बदलही होत नव्हता. आधार, पॅन आणि पासबुक घेऊन शाखेत जावं लागलं. जुना नंबर चालू असतानाच बदल केला असता तर बँकेची ही खेप वाचली असती.

दोन दिवसांनी नोंद बदलली, तरी ॲप अडूनच. यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. नव्या सिमवर जो स्वस्त पॅक मारला होता त्यात फक्त डेटा होता, एसएमएस नव्हते आणि मेन बॅलन्स शून्य. ॲप आपलं ‘पडताळणी होऊ शकली नाही’ एवढंच म्हणत होतं, कारण सांगत नव्हतं. शेवटी त्याच सिमवरून मित्राला साधा एसएमएस करून बघितला, तो गेला नाही, तेव्हा उलगडा झाला. थोडा टॉकटाइम टाकला आणि पहिल्याच झटक्यात खातं दिसलं. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी टाकून यूपीआय पिन नव्याने केला. पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा होती, त्यामुळे भाडं दुसऱ्या दिवशी गेलं.

नंबर तोच ठेवून फक्त सिम हरवलं असेल, तर बँकेत काही बदलावं लागत नाही. पण बदली सिम सुरू झाल्यावर साधारण २४ तास एसएमएस बंद असतात. तेवढ्या वेळात ॲपशी झटापट करू नका.

इथवर मी ॲपला माफ केलं होतं. खरी गोष्ट पुढे कळली. ओटीपी नव्या नंबरवर येत होते, पेमेंट होत होतं, म्हणून मी निर्धास्त. तीन महिन्यांनी पासबुक भरलं तेव्हा विम्याचा हप्ता कापलेला दिसला, आणि त्याचा मेसेज मला आलाच नव्हता. घरी येऊन बहिणीला १० रुपये पाठवले. ॲपमध्ये ‘यशस्वी’ आलं, पण बँकेचा मेसेज नाही.

पुन्हा शाखेत. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, “अहो, नंबर तर बदललेला आहे.” मी म्हटलं, “मॅडम, मग मेसेज कुठे जातात तेवढं बघा ना.” त्यांनी दुसरी स्क्रीन उघडली आणि मॉनिटर माझ्याकडे वळवला. ग्राहकाच्या नोंदीत नवा नंबर होता, खात्याच्या एसएमएस अलर्टच्या रकान्यात मात्र जुनाच. माझ्या बँकेत या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि फॉर्मवर त्याचा उल्लेखसुद्धा नाही!

याचा मला एवढा राग का, ते सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमांनुसार, बँक किंवा ग्राहक यांची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत आपण तक्रार केली, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पण बँकेच्या लेखी मेसेज गेलेला असतो, भले तो मेलेल्या नंबरवर का असेना. शिवाय बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. मग माझी शिल्लक तो वाचणार.

त्यामुळे ॲप सुरू झालं की काम झालं असं धरू नका. दहा रुपये पाठवून बघा, एटीएममधून शंभर काढून बघा, आणि दोन्ही वेळा बँकेचा स्वतःचा मेसेज येतो का ते पाहा. ॲपचं नोटिफिकेशन यात मोजू नका. मेसेज नाही आला तर शाखेत ‘एसएमएस अलर्टचा नंबर दाखवा’ असं स्पष्ट म्हणा.

ॲपला आता चार स्टार, एक कापला तो एसएमएस का गेला नाही हे न सांगितल्याबद्दल. बँकेला दोनच. आईसोबतच्या जॉइंट खात्याचा अलर्ट अजून जुन्याच नंबरवर आहे, सोमवारी त्यासाठी पुन्हा जातोय.