चॅटबॉट की साधी एफएक्यू बटणं: दोन्ही काही महिने वापरल्यावरचा अनुभव

आमची साइट घरगुती मशिनच्या स्पेअर पार्टची आहे, म्हणजे मोटर, बेल्ट, सर्किट बोर्ड वगैरे, आणि कस्टमर सपोर्ट माझ्याकडे. आधी साइटवर नुसती सहा बटणं होती, डिलिव्हरी कधी, रिटर्न कसं करायचं, बिल कुठे मिळेल असली. मग चॅटबॉट आला, तोही एआयवाला, आमचीच पानं आणि पीडीएफ वाचून उत्तर देणारा. आता दोन्ही वापरून झालंय म्हणून लिहितोय.

आधी बॉटचं चांगलं सांगतो. लोक मॉडेल नंबर अर्धवट टाकतात, स्पेलिंग चुकवतात, "पाणी गळतंय, काय बदलू" असं विचारतात, आणि तिथे बटणांचं काहीच चालत नाही. बॉट दोन प्रश्न विचारून बरोबर सीलच्या पानावर नेऊन सोडतो. आणि नेलं चुकीच्या पानावर तरी माणूस फोटो बघून परत येतो, फार काही बिघडत नाही.

खरा घोळ रिटर्नमध्ये. आमच्या पॉलिसीत वर लिहिलंय की माल १४ दिवसांत परत घेऊ, आणि खाली दोन परिच्छेद सोडून लिहिलंय की सर्किट बोर्डचं सीलबंद पाकीट उघडलं असेल तर परत घेणार नाही. असे बॉट अख्खं पान एकदम वाचत नाहीत, पानाचे तुकडे करून ठेवलेले असतात आणि प्रश्नाशी जुळणारे तेवढेच उचलतात. एकाने विचारलं "बोर्ड लावून बघितला, चालत नाही, परत होईल का", बॉटने वरचा तुकडा उचलला, खालचा हाताला लागलाच नाही, आणि अगदी गोड भाषेत सांगून मोकळा, हो, १४ दिवसांत पाठवा. त्या माणसाने पाठवलासुद्धा. आम्ही पैसे दिले, कारण चॅटचा स्क्रीनशॉट त्याच्याकडे होता आणि तो आमच्याच साइटवरचा होता. इथे "बॉट बोलला, आम्ही नाही" म्हणून सुटता येत नाही, एअर कॅनडा या विमान कंपनीच्या बॉटने एका प्रवाशाला चुकीचा नियम सांगितला तेव्हा कंपनीने नेमकं हेच म्हणून बघितलं होतं, बॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे असं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या लवादाने ते फेटाळून प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. तिथेही बरोबर नियम साइटच्या दुसऱ्या पानावर होताच.

मग आम्ही अपवाद नियमाच्या त्याच वाक्यात घातला, जुन्या पीडीएफ काढून टाकल्या. फरक पडला, पण पूर्ण भरवसा नाही, कारण तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला की उत्तर कधी कधी बदलतं. बटणाचं तसं नाही. ते चुकलं तर सगळ्यांना सारखंच चुकतं, मग कोणीतरी ओरडतं आणि एकदा दुरुस्त केलं की विषय संपला. बॉटची चूक एकट्या माणसाच्या चॅटमध्ये दडून बसते.

आणि डॅशबोर्डवर ती दिसत नाही बरं का! तिथे "रिझॉल्व्ह्ड" चा आकडा मस्त दिसतो, पण आमच्या टूलमध्ये माणूस वैतागून खिडकी बंद करून गेला तरी ते रिझॉल्व्ह्डच धरतात. मी काय करतो, रिझॉल्व्ह्ड दाखवलेले चॅट काढतो आणि त्याच ईमेलवरून पुढच्या दोन-तीन दिवसांत सपोर्टकडे तिकीट, म्हणजे नवीन तक्रार, आलंय का बघतो. जिथे आलंय ते चॅट अख्खे वाचतो. कंटाळवाणं काम आहे, पण चुका तिथेच सापडतात.

आता हँडऑफबद्दल, म्हणजे चॅट बॉटकडून माणसाकडे सोपवण्याबद्दल. सुरुवातीला "माणसाशी बोला" हा पर्याय बॉटने हार मानल्यावरच यायचा, आणि बॉट हार मानतच नाही, तेच उत्तर शब्द फिरवून देत बसतो. आता तो पर्याय पहिल्यापासून दिसतो. रिफंड, तक्रार, खराब माल असं काही आलं की बॉट उत्तर देतच नाही, सरळ आमच्याकडे पाठवतो. आधीचं चॅट आणि ऑर्डर नंबर सोबत येतो, नाहीतर माणसाला पहिल्यापासून सगळं परत सांगावं लागतं आणि तो जास्तच भडकतो (मीही भडकलो असतो). रात्री कोणी नसतं तेव्हा "कृपया थांबा" म्हणून फिरवत ठेवायचं नाही, ईमेल घ्यायचा आणि उत्तर कधी येईल ते सांगायचं, बस.

सध्याची मांडणी अशी: चॅटची खिडकी उघडली की आधी बटणं. रिटर्न आणि वॉरंटीची उत्तरं फक्त बटणात, आम्ही हाताने लिहिलेली, बॉटला तोच प्रश्न टाइप करून विचारला तर तोही तेच ठरलेलं उत्तर दाखवतो. ऑर्डर कुठे पोचली त्यालाही बॉट लागत नाही, बटण आणि नंबर टाकायची चौकट पुरते. बॉटकडे उरलं फक्त पार्ट शोधणं. तुमच्याकडे मोजकाच माल असेल आणि तेच ते पाच-सात प्रश्न येत असतील तर बॉटच्या भानगडीत पडूच नका, महिन्याचं बिल तर येतंच, वर चॅट वाचायला माणूस लागतो तो वेगळा.