आयएसबीएन स्वतःच्या नावावर घ्यावा, की पुस्तक छापून देणाऱ्याचा स्वीकारावा?

स्वतःचे पुस्तक स्वतःच काढायचे ठरवले की कागद, छपाई आणि बांधणी यांच्याबरोबर आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचा, एक प्रश्न समोर येतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे अर्ज करून क्रमांक आपल्या नावावर घ्यायचा, की मागणीप्रमाणे प्रती छापून देणारी संस्था आपल्या मालिकेतला क्रमांक देते तो स्वीकारायचा? मी माझ्या पुस्तकांसाठी हे दोन्ही करून पाहिले आहे. दोन्ही मार्गांनी पुस्तक बाजारात येते. तरीही माझा कल एका बाजूला झुकलेला आहे आणि त्याचे कारण पुढे येईलच.

दोन्ही क्रमांक कागदावर सारखेच दिसतात. २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकी आहे. सुरुवातीला ९७८ असते, त्यानंतर भारतासाठी ८१ किंवा ९३, मग प्रकाशकाचा गट, मग त्या विशिष्ट पुस्तकाचा अंक आणि शेवटी पडताळणीचा एक अंक. निर्णयासाठी महत्त्वाचा आहे तो तिसरा गट, कारण हे पुस्तक कोणी प्रकाशित केले हे जगभरच्या नोंदींना तोच सांगतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कोणाचेही नाव छापले, तरी क्रमांक ज्याच्या खात्यातून आला तोच नोंदींच्या दृष्टीने प्रकाशक ठरतो. पुस्तकाच्या भाषेचा येथे संबंध येत नाही. प्रकाशक ज्या देशात राहतो त्या देशाच्या संस्थेकडे अर्ज करायचा असतो, त्यामुळे अमेरिकेत राहून मराठी कवितासंग्रह स्वतः काढणाऱ्याला तेथील संस्थेकडेच जावे लागते. तेथे एका सुट्या क्रमांकाला अनेक वर्षे १२५ डॉलर मोजावे लागत आले आहेत. भारतात मात्र हा क्रमांक मोफत मिळतो.

मोफत असल्यामुळे खर्चाचा मुद्दा जवळजवळ उरत नाही, उरतो तो वेळेचा. छापून देणाऱ्या संस्थेकडे क्रमांक तयार असतो आणि मजकूर पाठवताच तो मांडणीत बसवला जातो. आपल्या नावावर घ्यायचा असेल तर नोंदणी करणे, ओळखीचा पुरावा देणे, शीर्षक, बांधणीचा प्रकार आणि मुखपृष्ठ यांचा तपशील भरणे आणि मग वाट पाहणे, हे सगळे ओघाने येते. माझ्या अनुभवात ही प्रतीक्षा कधी सुखद होती, कधी चिकाटीची परीक्षा पाहणारी होती. प्रकाशन समारंभाची तारीख आधीच ठरली असेल तर ही बाजू दुर्लक्षून चालणार नाही, आणि अशा वेळी कोणी तयार क्रमांक स्वीकारला तर मी त्याला दोष देणार नाही.

मला ज्या गोष्टीने खरोखर त्रास दिला ती अशी. कोकणातल्या विहिरी आणि पाणवठे यांवरचे माझे एक पुस्तक मी पेपरबॅक स्वरूपात अशाच एका संस्थेकडून काढले होते, आणि क्रमांक तिचा होता. काही काळाने गावोगावच्या ग्रंथप्रदर्शनांसाठी एकगठ्ठा प्रती कमी दरात हव्या होत्या, म्हणून पुण्यातल्या एका छापखान्याकडे गेलो. मजकूर तोच, पृष्ठे तीच, आकार आणि बांधणीही तीच होती. परंतु पहिला क्रमांक त्या संस्थेच्या मालिकेतला असल्यामुळे तो मला माझ्या प्रतींवर छापता येत नव्हता. करारातच तसे लिहिलेले होते, आणि नियमाच्या दृष्टीने ते योग्यही आहे, कारण प्रकाशक बदलला की क्रमांक बदलला पाहिजे. मी माझ्या नावावर नवा क्रमांक घेतला आणि तेथून एकाच पुस्तकाची दोन पुस्तके झाली. एका वितरकाने दोन वेगळी खाती उघडली. एका ग्रंथालयाने दुसऱ्या क्रमांकाची प्रत हे नवे पुस्तक समजून मागवली, आणि दोन्ही प्रती समोरासमोर ठेवल्यावर साहजिकच विचारणा केली. वाचकांचे अभिप्राय एका नोंदीखाली राहिले आणि विक्री दुसऱ्या नोंदीखाली चालू झाली. जुना क्रमांक रद्द करून त्या प्रती नव्याखाली आणण्याची सोयच नाही. एकदा दिलेला क्रमांक कायमचा त्या पुस्तकाचाच राहतो, तो बाद होत नाही आणि दुसऱ्या पुस्तकाला दिलाही जात नाही.

क्रमांक सुरुवातीपासून माझ्या नावावर असता, तर हीच पेपरबॅक मागणीप्रमाणे छापणाऱ्या संस्थेकडे आणि पुण्याच्या छापखान्यात, दोन्हीकडे त्याच क्रमांकाने छापता आली असती. मुद्रक बदलल्याने क्रमांक बदलत नाही. मुद्रक आणि प्रकाशक यांच्यातला हा फरक लेखकाला पहिल्या पुस्तकाच्या वेळी फारसा जाणवत नाही, कारण तेव्हा दोन्ही कामे एकच संस्था करत असते.

येथे प्रत्येक स्वरूपाला वेगळा क्रमांक लागण्याचा प्रश्नही जोडलेला आहे, आणि दोन मार्गांची खरी तुलना त्यातूनच होते. विहिरींच्या पुस्तकाची पुढे ग्रंथालयांसाठी पुठ्ठा बांधणीची प्रत काढली, आणि नंतर ईपब स्वरूपात ई-पुस्तकही काढले. या दोन्हींना वेगवेगळे क्रमांक घेतले. सोपे पडते म्हणून पुठ्ठा बांधणीवर पेपरबॅकचाच क्रमांक छापणारे काही जण भेटतात, पण त्याचा परिणाम दुकानात दिसतो. विक्रेत्याच्या यंत्रणेत एका क्रमांकाला एकच किंमत आणि एकच साठा असतो. २५० रुपयांची पेपरबॅक आणि ४५० रुपयांची पुठ्ठा बांधणी एकाच क्रमांकाखाली असतील, तर ग्रंथालयाने मागवलेल्या टिकाऊ प्रतीऐवजी पेपरबॅक पोहोचू शकते, आणि पाठवणाऱ्याच्या नोंदीत काहीच चुकलेले दिसत नाही. आयएसबीएन लेखनकृतीला मिळत नाही, विकायला ठेवलेल्या विशिष्ट वस्तूला मिळतो, हे एकदा लक्षात घेतले की यातले बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

त्याच न्यायाने नवा क्रमांक केव्हा नको, हेही ठरते. किंमत वाढवली, मुखपृष्ठाचे चित्र बदलले, शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या किंवा त्याच मजकुराच्या आणखी हजार प्रती काढल्या, तर जुनाच क्रमांक चालतो. मराठीत आपण अशा साध्या पुनर्मुद्रणालाही सर्रास ‘दुसरी आवृत्ती’, ‘तिसरी आवृत्ती’ म्हणतो, त्यामुळे दर वेळी नवा क्रमांक लागेल असा समज होतो, पण तसे नाही. याउलट दोन प्रकरणे वाढवली, शीर्षक बदलले, अनुवाद केला किंवा मोठ्या अक्षरांची प्रत काढली, तर क्रमांक नवा घ्यावाच लागतो. खंडांत निघणाऱ्या ग्रंथाला प्रत्येक खंडाचा एक आणि संपूर्ण संच म्हणून आणखी एक क्रमांक घेणे सोयीचे ठरते.

आता या प्रत्येक नव्या स्वरूपाच्या वेळी क्रमांक कोण देणार, हे पाहावे. छापून देणारी संस्था ती स्वतः जे छापते त्यालाच क्रमांक देते. ती पुठ्ठा बांधणी करत नसेल, तर त्या प्रतीसाठी आपल्याला दुसरीकडे जावे लागते, आणि मग पेपरबॅक एका प्रकाशकाची, पुठ्ठा बांधणी दुसऱ्याची, ई-पुस्तक तिसऱ्याचे, अशी आपल्याच पुस्तकाची फाळणी नोंदींमध्ये होते. स्वतःच्या नावावर नोंदणी असेल तर तिन्ही स्वरूपे एका प्रकाशकाखाली एकत्र राहतात. ई-पुस्तकाबाबत एक सवलत सांगायला हवी. ते फक्त किंडलवर विकायचे असेल, तर ॲमेझॉन स्वतःची ओळखखूण देते आणि आयएसबीएन नसला तरी चालते. ईपब प्रत इतर ठिकाणीही जाणार असेल, तर मी क्रमांक घेणे पसंत करतो.

क्रमांक अनेक झाले की गोंधळाची एक नवी जागा तयार होते. मांडणी करणाऱ्याने मागच्या मुखपृष्ठावर पेपरबॅकचा आणि शीर्षकपानामागच्या पानावर पुठ्ठा बांधणीचा क्रमांक टाकणे, हे सहज घडते. पडताळणीचा अंक अशी अदलाबदल पकडत नाही, कारण दोन्ही क्रमांक आपापल्या जागी बरोबरच असतात. तो अंक टंकनातल्या चुकांसाठी आहे. ९७८-३-१६-१४८४१०-० हा क्रमांक घेतला तर पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज १०० येते, आणि ती दहाने पूर्ण भागली जाते म्हणून शेवटचा अंक ०. एखादा अंक चुकला तर बेरीज बिघडते आणि क्रमांक नाकारला जातो. शेजारचे दोन अंक उलटे पडले तरीही बहुधा चूक कळते, पण त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, म्हणजे १ आणि ६ किंवा २ आणि ७, तर बेरीज दहाने बदलते आणि चूक सुटून जाते. म्हणून छपाईला देण्यापूर्वी मी प्रत्येक स्वरूपाचा क्रमांक तीन ठिकाणी, म्हणजे बारकोडखाली, आतल्या पानावर आणि संस्थेच्या पत्रात, अंकागणिक वाचून जुळवतो. माझ्या मते दुसरा कोणताही उपाय यापेक्षा भरवशाचा नाही.

क्रमांकच नको, अशीही परिस्थिती असते. घरच्या मंडळींसाठी काढलेली आठवणींची पुस्तिका, दिनदर्शिका, कार्यक्रमपत्रिका यांना त्याची गरज नाही, आणि दिवाळी अंक नियतकालिक असल्यामुळे त्याला आयएसएसएन ही वेगळी व्यवस्था आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांना शैक्षणिक गुणांकनासाठी आयएसबीएन असलेले पुस्तक लागते, आणि त्यामुळे या क्रमांकाभोवती प्रतिष्ठेचे वलय तयार झाले आहे. प्रत्यक्षात तो ना पुस्तकाच्या दर्जाची हमी देतो, ना स्वामित्वहक्काची.

तेव्हा पन्नास-शंभर प्रती काढून परिचितांना द्यायच्या असतील, पुनर्मुद्रणाचा विचार नसेल आणि वेळ कमी असेल, तर छापून देणाऱ्या संस्थेचा क्रमांक घेण्यात गैर काही नाही. मात्र पुस्तक दुकानांत आणि ग्रंथालयांत जावे, त्याची दुसरी बांधणी निघावी किंवा पुढे मुद्रक बदलावा लागेल अशी थोडीशीही शक्यता असेल, तर मी प्रतीक्षेचा काळ धरूनच वेळापत्रक आखीन आणि क्रमांक माझ्या नावावर घेईन. बहुतेक संस्था लेखकाने आणलेला क्रमांक स्वीकारतात, फक्त करार करण्यापूर्वी तसे विचारून घ्यावे आणि पुस्तकावरचे प्रकाशकाचे नाव दिल्लीच्या नोंदीतल्या नावाशी अक्षरशः जुळते की नाही, ते पाहून घ्यावे.