दुप्पट सांगावं की थोडंच चढवून?

तुळशीबागेच्या आसपास कुर्त्यांची पथारी लावायची म्हटलं की माल कुठून उचलायचा, जागेसाठी कुणाशी बोलायचं, हे सांगणारे खूप भेटतात. तोंडातून पहिला आकडा कोणता काढायचा, हे मात्र शेजारच्याकडे बघून ठरतं. आणि शेजारचा बहुतेक वेळा म्हणतो, "दुप्पट सांग रे, अर्ध्यालाच मागतात." मी पहिली दोन वर्षं तसंच केलं. त्यानंतर थोडंच चढवून सांगायला लागलो. दोन्ही करून झालंय, म्हणून नव्याने बसणाऱ्यासाठी हे लिहितोय. 'एकच भाव'ची पाटी मी यात धरलेली नाही. मी ती लावून पाहिली होती. पाटी वाचून झाली की बाई शांतपणे विचारायची, "बरं, मग शेवटचे केवढ्याला देताय?"

एक साधी, जयपुरी छापाची कॉटनची कुर्ती घेऊ. घाऊकला 200 ची. 50 नगांचा गठ्ठा 10,000 चा, वर टेम्पो आणि हमाली 400. यातले सहाएक नग हमखास उरतात, कारण साइझ तुटतात. एल आणि एक्सएल संपून जातात, बारीक साइझ राहतात आणि शेवटी 100 ला काढाव्या लागतात. ते 600 वजा केले की 44 नगांवर 9,800 येतात, म्हणजे कुर्ती मला साधारण 225 ला पडते. हा उरलेल्या मालाचा हिशोब न करता 200 च धरून बसणारे पुष्कळ आहेत, आणि "धंदा तर होतोय, पैसा कुठे जातो कळत नाही" असं तेच म्हणतात. मला 320 ते 340 मिळाले की मी खूश असतो. 260 च्या खाली सोडत नाही.

आता हीच कुर्ती दुप्पटवाला सहाशेला सांगतो, म्हणजे खरेदीच्या नाही, हाती यायला हव्या त्या भावाच्या साधारण दुप्पट. समोरून तीनशे येतात, कधी अडीचशे. ओढाताण होऊन 370 च्या आसपास सौदा ठरतो, आणि एखादी न घासता पाचशे देऊन जाते. नगामागे पाहिलं तर हे माझ्यापेक्षा जास्तच आहे, ते मान्य. पण सहाशे ऐकून जी बाई काहीच न बोलता पुढे सरकते, ती हिशोबात कुठे दिसत नाही. तिने दोनशे मागितले असते तरी चाललं असतं, निदान बोलणं सुरू झालं असतं.

मी 380 सांगतो. 400 नाही, 380 च. हा माझा अंदाज आहे, कुणी मोजून पाहिलेलं नाही. पण चारशेचं अर्धं करायला डोकं लागत नाही, पटकन "दोनशे" येतं. 380 चं अर्धं कुणी रस्त्यावर उभं राहून करत बसत नाही, गिऱ्हाईक सरळ तीनशेवर येतं. तीनशेवरून 330 ला जायला दोन वाक्यं लागतात.

उतरायच्या पायऱ्यांचाही फरक पडतो. 380 वरून मी 360 करतो, मग 345, मग 335. पायरी लहान होत गेली की समोरच्याला आपोआप कळतं, आता तळ आला. सहाशेवाल्याला पहिलीच उडी शंभराची मारावी लागते, नाहीतर गिऱ्हाईक थांबतच नाही. आणि एका शब्दावर शंभर कमी झाले की बाई मनात म्हणते, अजून शंभर सुटतील. ती चुकीचं म्हणत नसते.

तरीही एवढ्यावर मी बदललो नसतो. संध्याकाळचा गल्ला दोन्हीत उन्नीस-बीसच यायचा. थोडंच चढवून सांगितलं की नग जास्त जायचे, दुप्पट सांगितलं की नगामागे जास्त मिळायचे. मी बदललो ते वेगळ्याच वैतागामुळे.

पथारी किती रुंद असते? पाच-सहा फूट. शनिवारी संध्याकाळी समोर चार जणी वाकून कुर्त्या उलथ्यापालथ्या करत असतात आणि प्रत्येकीला प्रत्येकीचं ऐकू जातं. एकीशी वीस मिनिटं घासाघीस करून मी 370 वर आलेलो. तिने पर्स उघडली. तेवढ्यात पाठीमागून दुसरीने तीच कुर्ती उचलून विचारलं, "भैया, केवढ्याला?"

आता काय सांगायचं? सहाशे म्हटलं तर पहिली वर बघून म्हणणार, "अहो, मला 370 ला देताय ना?" म्हणजे दुसरीचा भाव 370 पासून खाली सुरू. 370 म्हटलं तर पहिलीला वाटणार, हा सुरुवातीलाच एवढं सांगतो, मग माझी वीस मिनिटं कशाला घेतली? ती पर्स मिटून 300 मागणार. गप्प बसलो तर दुसरी गेली. मी तिन्ही करून बघितलं आणि तिन्हीत मार खाल्ला. त्या दिवशी मी "थांबा ताई, सांगतो" असं पुटपुटलो आणि दोघीही एकमेकींकडे बघून हसल्या. हे आठवड्यातून एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. गर्दीच्या संध्याकाळी ते दर अर्ध्या तासाला व्हायचं. आणि धंदा होतो तो गर्दीतच.

380 सांगताना असा पेच पडत नाही. पहिली 335 वर आलेली असली आणि दुसरीला मी मोठ्याने "तीनशे ऐंशी" म्हटलं, तर पहिलीला उलट बरं वाटतं, आपण पंचेचाळीस वाचवले. दुसरीने ऐकलं तरी ती फार तर 335 च मागते, आणि मला तेवढेच हवे असतात.

आकडा चुकलाय का, हे ओळखायला वही लागत नाही. दहा जणींनी भाव विचारला तर सहा-सात जणींनी उलटा भाव सांगायला हवा. बहुतेक जणी नुसत्या पुढे गेल्या तर आकडा चढा आहे. तीन-चार जणींनी न घासता पैसे काढले तर मी कमी सांगतोय. मग पुढच्या गठ्ठ्याला 20 रुपये वाढवतो, चालू गठ्ठ्याला नाही. कारण परवा 380 ऐकून गेलेली आज मैत्रिणीला घेऊन परत येते.

दुप्पट सांगणं सगळीकडे चुकतं असंही नाही. माझ्या शेजारी ऑक्सिडाइज्ड कानातल्यांवाला बसतो, तो अजून तिप्पट सांगतो आणि त्याचं चालतं. त्याच्या मालाचा भाव कुणाच्या डोक्यात नसतो. 60 रुपयांत हसून निघून जाणाऱ्याला पस्तावाही होत नाही. कुलाब्याला रस्त्यावर बसणाऱ्याचंही वेगळं, त्याचं पर्यटक गिऱ्हाईक उद्या परत येणार नसतं. लेगिंग्ज विकायच्या असतील तर उलट 380 ची माझी रीतही जास्त होईल. तिथे भाव सगळ्यांना पाठ असतो, वर 20-30 रुपयेच ठेवता येतात.

आणि सकाळची भवानी मी यात धरत नाही. पहिली बाई 280 म्हणाली की मी पिशवी उघडतो. दुसऱ्या बाजूच्या कुर्तीवाल्याला ते आवडत नाही, तिने जाता जाता त्याच्या मालाकडे बघून तोच भाव डोक्यात ठेवलेला असतो.