क्लासिक आउटलुकमधले झेंडे आणि रिमाइंडर: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोटेशनचा पाठपुरावा, थकलेली बिले आणि उत्तराची वाट पाहणारे मेल, हे सगळे मी काही महिने विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकमध्ये झेंडे लावून सांभाळत आहे. सोय चांगली आहे, पण ती नेमकी कशावर चालते हे समजल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेलच्या उजवीकडच्या झेंड्यावर नुसते क्लिक केले, की त्याला आजची तारीख लागते आणि तो कामांच्या यादीत दिसू लागतो. मात्र रिमाइंडर लागत नाही. तो हवा असेल तर झेंड्यावर राइट-क्लिक करून Add Reminder निवडावे लागते आणि दिवस व वेळ ठरवावी लागते. तो लागल्याची खूण सोपी आहे: यादीत झेंड्याशेजारी घंटा दिसते. घंटा नसेल, तर तारीख उलटल्यावर मेल लाल होईल, पण कोणतीही खिडकी समोर येणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही खिडकी उघडण्याचे काम तुमच्या संगणकावर चालू असलेले आउटलुक करते. समजा, शुक्रवारी दुपारी ४ चा रिमाइंडर लावला आणि साडेतीनलाच संगणक बंद करून आपण निघालो, तर ४ वाजता काहीच घडत नाही. सोमवारी आउटलुक उघडल्यावर तोच रिमाइंडर मुदत उलटल्याच्या नोंदीसह समोर येतो. Snooze दाबल्यावरही फक्त पुढची वेळ लिहून ठेवली जाते, त्यामुळे त्या वेळी आउटलुक चालू असणे आवश्यकच असते. Dismiss दाबले, तर रिमाइंडर संपतो, झेंडा मात्र तसाच राहतो, आणि घाईत नेमकी इथेच गल्लत होते.

मेल कुठे ठेवला आहे यावरही बरेच अवलंबून असते. आउटलुक मुख्य डेटा फाइलमधल्या मेलचे रिमाइंडर दाखवते. जुने मेल वेगळ्या पीएसटी फाइलमध्ये हलवले, तर त्यांचे रिमाइंडर सहसा येत नाहीत. Deleted Items मध्ये गेलेल्या मेलचेही तसेच. आयमॅप खात्यात तर झेंडा आहे किंवा नाही एवढीच खूण ठेवता येते, तारीख आणि वेळ जोडताच येत नाही. अशा खात्यासाठी मी मेल ओढून कॅलेंडरवर सोडतो आणि तिथे वेळ देतो. हा मार्ग थोडा लांबचा असला तरी भरवशाचा आहे.

सगळे बरोबर असूनही खिडकी येत नसेल, तर आधी File, Options, Advanced मध्ये Show reminders ची खूण आहे का ते पाहावे. ती असेल, तर आउटलुक पूर्ण बंद करून विंडोज आणि R ही बटणे एकत्र दाबावीत आणि पुढील आज्ञा द्यावी, म्हणजे रिमाइंडरची यादी नव्याने तयार होते:

```
outlook.exe /cleanreminders
```

आयमॅपच्या मर्यादेवर मात्र या आज्ञेचा काहीही उपयोग होत नाही.