क्लॉज ए, बी की सी, आणि जनरल ॲव्हरेज आलं तर काय?

सप्लायरने सीआयएफ, म्हणजे माल, विमा आणि भाडं धरून, भाव दिला की बरेच छोटे इम्पोर्टर इन्शुरन्सचा विषय सोडून देतात, पण इन्कोटर्म्स 2020 या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अटींप्रमाणे सीआयएफमध्ये त्याला मालाच्या विम्याच्या ए, बी, सी या तीन ठरलेल्या क्लॉजपैकी निदान सी द्यावा लागतो, म्हणजे सगळ्यात खालचं कव्हर, आणि बहुतेक वेळा तेवढंच मिळतं. सीआयपी, म्हणजे ठरलेल्या ठिकाणापर्यंतचं भाडं आणि विमा सप्लायरकडे, असेल तर मात्र ए द्यावं लागतं.

सी मध्ये फक्त मोठे अपघात येतात, म्हणजे आग, स्फोट, जहाज बुडणं, रुतणं, धडक, ट्रक उलटणं असं. बी मध्ये त्यात भूकंप, वीज, चढवता-उतरवताना अख्खा नग पडून वाया जाणं आणि कंटेनरमध्ये समुद्राचं किंवा नदीचं पाणी शिरणं एवढी भर पडते. चोरी दोन्हीत नाही! आणि कंटेनरच्या छताला भोक असून पावसाचं पाणी आत गेलं तर ते बी मध्येही बसत नाही, खूप जणांना हे क्लेम नाकारल्यावरच कळतं. ए मध्ये उलटं आहे, जे स्पष्ट वगळलंय ते सोडून बाकी सगळं कव्हर. वगळलेलं म्हणजे कच्चं पॅकिंग, मालाचा स्वतःचा दोष, उशिरामुळे झालेलं नुकसान वगैरे, युद्ध आणि संप वेगळे घ्यावे लागतात.

आता जनरल ॲव्हरेज. जहाज आणि माल वाचवायला मुद्दाम काही नुकसान किंवा खर्च केला तर तो जहाजमालक आणि सगळे मालवाले किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात, तुमचा माल धडधाकट असला तरी. समजा वाचलेलं जहाज आणि माल मिळून 10 कोटी डॉलर आणि वाटायचा खर्च 1 कोटी, म्हणजे 10 टक्के, तर तुमच्या 20,000 डॉलरच्या मालावर 2,000 डॉलर येतात. पण हा पक्का हिशोब व्हायला कधी कधी वर्षं जातात आणि माल त्याआधी सोडवायचा असतो. 2018 ला मर्स्क होनम या कंटेनर जहाजाला आग लागली तेव्हा सॅल्व्हेजचे, म्हणजे जहाज आणि माल वाचवणाऱ्यांच्या मोबदल्याचे, 42.5 आणि जनरल ॲव्हरेजचे 11.5, असं मालाच्या किमतीच्या 54 टक्के तारण मागितलं होतं. इन्शुरन्स नसेल तर हे रोख भरायचं, नाहीतर माल मिळत नाही. इन्शुरन्स असेल तर तुम्ही ॲव्हरेज बाँडवर, म्हणजे आपला वाटा भरायच्या लेखी हमीवर, सही करायची, गॅरंटी इन्शुरन्स कंपनी देते.

आणि जनरल ॲव्हरेजचं कव्हर ए, बी, सी तिन्हीत सारखंच आहे, म्हणून फक्त जनरल ॲव्हरेजची धास्ती असेल तर सी पुरतं, ए साठी जादा प्रीमियम भरायचा तो चोरी, मोडतोड, पाणी यासाठी. भंगार, दगड असला माल असेल तर मी सी वर भागवेन, इलेक्ट्रॉनिक्स, कपडे, काच असेल तर ए च, बी मला अर्धवट वाटतं. फक्त विम्याची रक्कम कमी लावू नका, इन्व्हॉइस, भाडं धरून वर 10 टक्के असा रिवाज आहे, कमी लावली तर जनरल ॲव्हरेजचा वाटाही कंपनी त्याच प्रमाणात कमी देते आणि उरलेले पैसे तुमच्या खिशातून जातात.